सूज शेपटीच्या वर की खाली?

मांजर फरशीवर बूड घासत सरकलं की घरात पहिला शब्द निघतो तो ‘जंत’. शेपटीपाशी सूज दिसली की दुसरा निघतो, ‘मारामारी केली असणार’. हे दोन्ही अंदाज पुष्कळदा खरे ठरतात. म्हणूनच तिसरं कारण राहून जातं, आणि ते कळतं तेव्हा गळू फुटलेलं असतं. हे तिसरं कारण म्हणजे गुदग्रंथी.

मांजराच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली एकेक छोटी पिशवी असते. मागून पाहिलं तर घड्याळातल्या चार आणि आठ या आकड्यांच्या जागी. तिच्यात उग्र वासाचा स्राव साठतो. घट्ट शी होताना पिशवीवर दाब पडतो आणि तो थोडा थोडा बाहेर येतो. मांजर फार घाबरलं तरी तो सुटतो. डॉक्टरांच्या टेबलावर येणारा तो भयंकर वास याचाच. शी सतत पातळ होत असेल, वजन वाढलं असेल किंवा अ‍ॅलर्जीने तिथली कातडी सुजली असेल, तर पिशवी नीट रिकामी होत नाही. स्राव दाट होतो, बारीक नळी तुंबते, मग जंतू वाढतात आणि पू होतो.

कुत्रा अशा वेळी बूड घासून लगेच लक्ष वेधून घेतो. मांजरं घासतात त्यापेक्षा चाटतात जास्त, आणि मांजराच्या चाटण्याकडे कोण लक्ष देणार! आमच्या शेजारच्या नऊ वर्षांच्या मनीचं असंच झालं. वजन साडेसहा किलो, फ्लॅटबाहेर कधी पाऊल नाही. आधी काही दिवस ती शेपटीखाली चाटत राही, बसता बसता दचकून उठे, शेपटीला हात लागला की गुरगुरे. एका सकाळी चादरीवर रक्तमिश्रित पू दिसला आणि गुदद्वाराच्या उजवीकडे भोक. घरच्यांना वाटलं, कुणीतरी चावलं. पण घराबाहेर न जाणाऱ्या, घरात एकट्याच असलेल्या मांजराला चावणार कोण?

डॉक्टरांनी तिला गुंगीचं इंजेक्शन देऊन तिथले केस काढले, तेव्हा भोक बरोबर ग्रंथीवर निघालं. उजवी पिशवी फुटली होती. डावी दाबल्यावर तिच्यातून करड्या रंगाचा घट्ट मलमासारखा स्राव आला, म्हणजे तीही त्याच वाटेवर होती. उजवी बाजू सलाइनने धुतली, पण टाके घातले नाहीत. कारण तोंड बंद केलं तर पू आत कोंडतो. अशी जखम आतून भरत यावी लागते. प्रतिजैविक आणि वेदनाशामक दिलं, आणि चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर. दोन आठवड्यांत जखम भरली. पुढचं काम मात्र सावकाश चालणारं होतं: खाणं मोजून देऊन वजन उतरवणं.

घरी पाहायचं ते एवढंच, की त्रास नेमका कुठे आहे. शेपटीच्या वर, पाठीच्या टोकाला केस गेले असतील, खपल्या असतील, तर पिसवांचा संशय घ्यावा. शेपटीच्या वरच्या अंगाला तेलकट काळपट पट्टा असेल तर ती शेपटीवरची वेगळी तेलग्रंथी. नसबंदी न झालेल्या बोक्यांत हे जास्त दिसतं. शेपटीच्या बुडाशी वर किंवा बाजूला गरम सूज, बारीक दाताची खूण आणि ताप, म्हणजे बहुधा चावा. पळणाऱ्या मांजराला चावा तिथेच बसतो. गुदद्वाराभोवती भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे चिकटलेले असतील तर तो पट्टकृमी. तो पिसवांतून येतो, म्हणून नुसतं जंताचं औषध पुरत नाही, पिसवाही घालवाव्या लागतात. आणि सूज गुदद्वाराच्या अगदी शेजारी, चार किंवा आठच्या जागी असेल, तर आधी ग्रंथी तपासून घ्यावी. वयस्क मांजरात तिथे न दुखणारी टणक गाठ लागली तर ती कर्करोगाचीही असू शकते. असं क्वचितच होतं, पण तपासणी टाळू नये.

ग्रंथी घरी पिळायला जाऊ नका. सुजलेली पिशवी आतल्या आत फुटते, आणि दुखावलेलं मांजर चावतं. निरोगी मांजराच्या ग्रंथी ‘महिन्यातून एकदा’ रिकाम्या करून घेण्याचीही गरज नसते. पुन्हा पुन्हा त्रास झालाच तर पिशव्या शस्त्रक्रियेने काढता येतात, मात्र शेजारच्या नसा दुखावल्या तर शीवरचा ताबा जाऊ शकतो, म्हणून तो शेवटचा उपाय. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नये; मांजराला ती जीवघेणी आहे. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं पिसवांचं औषधही तसंच.

एक खूण मात्र उद्यावर ढकलू नका. बोका शेपटीखाली चाटतोय, पुन्हा पुन्हा शीशूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, तर त्रास ग्रंथीचा नाही, मूत्रमार्ग तुंबला आहे. त्याला रात्री-अपरात्री असेल तसा उचलून डॉक्टरांकडे न्या. उपचार मिळाले नाहीत तर तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो.