बोली निरोपापासून नियोजित सूचनेपर्यंत

उद्दिष्टे

हा भाग अभ्यासल्यानंतर आपणास
- ई-मेलने किंवा आवाजी संदेशाने आलेला निरोप संकेतस्थळावरील सूचनेत कसा रूपांतरित करावा, हे सांगता येईल;
- 'उद्या', 'परवा', 'आपलं सभागृह' यांसारखे संदर्भनिष्ठ शब्द ओळखून त्यांच्या जागी नेमका मजकूर लिहिता येईल;
- ठरलेल्या वेळी सूचना प्रसिद्ध का झाली नाही, याची कारणे शोधता येतील.

१. प्रस्तावना

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात सूचनालेखन आपण पूर्वीच पाहिले आहे. तेथे लेखक मजकूर लिहितो आणि तो फलकावर लागताच वाचला जातो, असे गृहीत धरले होते. आता मात्र निरोप बोलला जातो एका वेळी, लिहिला जातो दुसऱ्या वेळी आणि वाचला जातो तिसऱ्याच वेळी. निरोप देणारी व्यक्ती रात्री फोनवर बोलून ठेवते. संपादक तो ऐकून मजकूर तयार करतो आणि सकाळी सात वाजता आपोआप प्रसिद्ध होईल, अशी व्यवस्था करून झोपी जातो. वेळेतील या अंतरामुळे भाषेत जे बदलावे लागते, तेच या कामातील सर्वांत अवघड काम आहे. यंत्रावरील पायऱ्या त्या मानाने सोप्या आहेत. आपण दोन्ही बाबी एकाच उदाहरणाच्या आधारे पाहू.

२. उदाहरण

पुण्यातील कोथरूड भागात एका गृहसंस्थेचे वाचक मंडळ आहे, असे समजा. मंडळाचे छोटे संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर चालते. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. त्यानिमित्त मंडळाने वाचनाचा कार्यक्रम ठेवला आहे. बुधवार, दि. २५ फेब्रुवारी २०२६ रोजी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी मंडळाच्या कार्यवाह काकूंनी संपादकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पुढील आवाजी संदेश पाठविला :

"अरे, ऐक ना. परवाचा आपला कार्यक्रम सातला ठरला होता ना, तो पावणेसातला सुरू करायचाय. जागा तीच, खालचं सभागृह. ज्यांना वाचायचंय त्यांनी उद्यापर्यंत नावं द्यायची. आणि हो, पुस्तक घरूनच आणायचं, पाच मिनिटांत वाचून होईल एवढाच उतारा. बाहेरून येणाऱ्यांना सांग, वनाज मेट्रोपासून चालत येता येतं. सकाळी सगळ्यांना कळव हं."

ही सूचना गुरुवारी, २६ तारखेला सकाळी सात वाजता प्रसिद्ध करावयाची आहे. संपादकाने काकूंचे शब्द जसेच्या तसे उतरविले, तर गुरुवारी वाचणाऱ्यास 'परवा' म्हणजे शनिवार वाटेल आणि नावे देण्याची मुदत शुक्रवारपर्यंत आहे असे वाटेल. कार्यक्रम शुक्रवारी होऊन जाईल आणि काही वाचक शनिवारी कुलूप लावलेल्या सभागृहासमोर उभे राहतील. मजकुरात एकही शुद्धलेखनाची चूक नसताना सूचना खोटी ठरेल.

३. पहिली पायरी : निरोप एका ठिकाणी आणणे

काही निरोप ई-मेलने येतात, काही व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी स्वरूपात येतात. ते विखुरलेले राहिले, तर एखादा निसटतो. म्हणून सूचनांसाठी एकच पत्ता ठरवावा. जीमेलमध्ये त्यासाठी नवे खाते उघडावे लागत नाही. मंडळाच्या पत्त्यात `@` या चिन्हापूर्वी `+suchana` असे जोडले, तरी पत्र त्याच खात्यात पोहोचते. त्या पत्त्यावर आलेल्या पत्रांना आपोआप वेगळे लेबल लागावे, अशी चाळणी जीमेलच्या `Filters` या सोयीने लावता येते.

आवाजी संदेश व्हॉट्सअ‍ॅपमधून याच पत्त्यावर पुढे पाठवावा. तो पत्रासोबत ध्वनिफीत म्हणून जोडला जातो. येथे एक सावधगिरी बाळगावी. पत्रावर जी तारीख व वेळ दिसते, ती पुढे पाठविल्याची असते, बोलल्याची नव्हे. काकूंचा बुधवारचा संदेश कोणी गुरुवारी पुढे पाठविला, तर पत्राच्या तारखेवरून 'परवा' मोजणारा संपादक एक दिवस चुकेल. म्हणून पुढे पाठवितानाच विषयाच्या ओळीत मूळ वेळ लिहावी : 'सूचना : मुद्रण बुध. २५ फेब्रु., रात्री ९.४०'.

४. दुसरी पायरी : ऐकून लिहिणे आणि संदर्भ सोडविणे

संदेश दोनदा ऐकावा. पहिल्या वेळी बोलीतील शब्द जसेच्या तसे उतरवावेत. दुसऱ्या वेळी, ज्या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या वेळेवर, जागेवर किंवा ओळखीवर अवलंबून आहे, त्या प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढावी. या शब्दांना आपण संदर्भनिष्ठ शब्द म्हणू. वरील संदेशात 'परवा', 'उद्यापर्यंत', 'तीच', 'खालचं', 'आपला' आणि 'सकाळी' हे शब्द असे आहेत.

मराठीतील 'परवा' हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. तो उद्याच्या नंतरचा दिवस दाखवितो, तसाच कालच्या आधीचा दिवसही दाखवितो. कोणता अर्थ घ्यावा, हे क्रियापदाच्या काळावरून ठरते. 'परवा झाला' आणि 'परवा आहे' यांत घोटाळा होत नाही. परंतु 'परवाचा कार्यक्रम' एवढाच तुकडा उचलला, तर आधार नाहीसा होतो. 'पुढचा रविवार' हाही तसाच प्रयोग आहे. मंगळवारी बोलणारी एक व्यक्ती त्याचा अर्थ येता रविवार असा घेते, तर दुसरी त्यानंतरचा. मध्यरात्रीनंतर बोललेले 'उद्या' बहुधा झोपून उठल्यानंतरचा दिवस असतो, तारखेने मोजलेला दुसरा दिवस नव्हे.

वेळेचे शब्द उतरवितानाही दक्षता हवी. पावणेसात म्हणजे ६.४५, घाईत सात हा आकडा ऐकून ७.४५ लिहिले जाते. म्हणून अंकांत लिहिल्यावर ती वेळ पुन्हा शब्दांत उच्चारून मूळ ध्वनीशी ताडून पाहावी.

आता प्रत्येक अधोरेखित शब्दाबाबत स्वतःस एक प्रश्न विचारावा : याचे उत्तर मला संदेशातून किंवा त्याच्या वेळेवरून खात्रीने मिळते काय? मिळत असेल, तर ते लिहावे. बुधवारी बोललेले 'परवा' म्हणजे शुक्रवार, २७ फेब्रुवारी, आणि 'उद्या' म्हणजे गुरुवार, २६ फेब्रुवारी. उत्तर मिळत नसेल, तर तर्काने न भरता निरोप देणाऱ्यास विचारावे. येथे दोन गोष्टी राहिल्या आहेत. पावणेसात सकाळचे की संध्याकाळचे, हे काकूंनी सांगितलेले नाही. नावे कोणाकडे द्यावयाची, हेही नाही. सदस्यांना दोन्ही ठाऊक असेल; वनाज स्थानकावर उतरून प्रथमच येणाऱ्या वाचकास ठाऊक नसेल. संपादकाने विचारणा केली, काकूंनी लगेच उत्तर दिले आणि मजकूर असा तयार झाला :

> मराठी भाषा गौरव दिन : वेळेत बदल
> वाचनाचा कार्यक्रम शुक्रवार, दि. २७ फेब्रुवारी २०२६ रोजी सायंकाळी ६.४५ वाजता सुरू होईल. यापूर्वी कळविलेली सात वाजताची वेळ बदलली आहे. स्थळ : गृहसंस्थेचे तळमजल्यावरील सभागृह. वनाज मेट्रो स्थानकापासून येथे चालत येता येते. वाचन करू इच्छिणाऱ्यांनी गुरुवार, दि. २६ फेब्रुवारी रोजी रात्री ९ वाजेपर्यंत कार्यवाहांकडे नाव द्यावे. पुस्तक स्वतः आणावे. उतारा पाच मिनिटांत वाचून होईल एवढा असावा.

वार आणि तारीख दोन्ही लिहिल्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. त्यांतील एक चुकले, तर दोन्ही जुळत नाहीत आणि चूक वाचकाच्या तत्काळ लक्षात येते. एकटी तारीख चुकली, तर ती कोणासच कळत नाही.

५. तिसरी पायरी : मसुदा, तपासणी आणि नियोजन

वर्डप्रेसमध्ये ई-मेल थेट लेखात रूपांतरित करणारी `Post via email` ही सोय आहे. तिच्यात पत्राचा विषय शीर्षक होतो आणि पत्रातील मजकूर लेख होतो. परंतु पाठविणाऱ्या सदस्यास प्रकाशनाचा अधिकार असेल, तर लेख तत्काळ प्रसिद्ध होतो. तपासणीस अवसरच राहत नाही. ही सोय वापरावयाचीच असेल, तर निरोप पाठविणाऱ्यांना `Contributor` हा दर्जा द्यावा. त्यांचे लेख मग `Pending`, म्हणजे मान्यतेच्या प्रतीक्षेत, राहतात. आवाजी संदेशास मात्र ही सोय उपयोगी नाही. म्हणून आपल्या उदाहरणात संपादक मजकूर स्वतः चिकटवून प्रथम `Draft`, म्हणजे मसुदा, म्हणून जतन करतो आणि दुसऱ्या सदस्यास वाचावयास देतो. त्या सदस्याने केवळ मसुदा वाचू नये; मूळ ध्वनीही एकदा ऐकावा.

मसुदा मान्य झाल्यावर प्रकाशनाची तारीख २६ फेब्रुवारी आणि वेळ सकाळी ७ अशी भरावी. तारीख पुढील काळातील असली की `Publish` या कळीवरील शब्द बदलून `Schedule` होतो. ती कळ दाबावीच लागते. केवळ तारीख भरून पान बंद केले, तर लेख मसुदाच राहतो आणि कधीही प्रसिद्ध होत नाही. म्हणून शेवटी लेखांची यादी उघडून आपल्या लेखापुढे `Scheduled` असे दिसते काय, हे पाहावे.

६. वेळ चुकण्याची दोन कारणे

सूचना सात वाजता न येता दुपारी साडेबारा वाजता आली, तर कारण जवळजवळ निश्चित असते. संकेतस्थळाचे घड्याळ भारतीय वेळेवर नसून `UTC` या जागतिक वेळेवर लावलेले आहे. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. त्यामुळे तेथील सात म्हणजे येथील साडेबारा. `Settings` मधील `General` या पानावर `Timezone` समोर `Kolkata` निवडावे आणि तेथे दिसणारी स्थानिक वेळ आपल्या घड्याळाशी जुळते काय, हे पाहावे.

सूचना सात ऐवजी सातवीसला किंवा आठला, म्हणजे दरवेळी वेगवेगळ्या उशिराने येत असेल, तर कारण दुसरे आहे. वर्डप्रेस नियोजित कामांची वेळ सतत पाहत बसत नाही. कोणी संकेतस्थळ उघडले की त्या वेळी प्रलंबित कामे तपासते. मोठ्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर क्षणोक्षणी कोणीतरी येत असते, म्हणून हे जाणवत नाही. मंडळाच्या छोट्या संकेतस्थळावर सकाळी कोणीच न आल्यास सूचना पहिल्या पाहुण्याची वाट पाहते. सात वाजून गेल्यावर संपादकाने फोनवर मुखपृष्ठ एकदा उघडणे हा साधा उपाय आहे. तेवढ्यात सूचना योग्य रीतीने दिसते की नाही, हेही कळते.

सारांश

निरोप एका पत्त्यावर आणावा आणि बोलल्याची मूळ वेळ त्यासोबत नोंदवावी. ऐकून उतरविलेल्या मजकुरातील संदर्भनिष्ठ शब्द शोधून त्यांच्या जागी वार, तारीख, वेळ, स्थळ आणि व्यक्ती लिहाव्यात. जे खात्रीने कळत नाही, ते विचारावे. मसुदा दुसऱ्या व्यक्तीने मूळ ध्वनीशी ताडून पाहिल्यावरच नियोजन करावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

शनिवार, दि. ७ मार्च २०२६ रोजी रात्री साडेबारा वाजता, म्हणजे शुक्रवारच्या मध्यरात्रीनंतर, पुढील संदेश आला : "उद्याची सभा रद्द, ती पुढच्या रविवारी सव्वापाचला घेऊ." या संदेशावरून सूचना लिहिण्यापूर्वी निरोप देणाऱ्यास कोणते प्रश्न विचाराल?

*उत्तर तपासा :* 'उद्या' म्हणजे शनिवार, ७ मार्च की रविवार, ८ मार्च? 'पुढचा रविवार' ८ मार्चचा की १५ मार्चचा? ५.१५ ही वेळ सकाळची की सायंकाळची? स्थळ पूर्वीचेच आहे काय? हे चारही प्रश्न आपल्या उत्तरात आले असतील, तर हा भाग आपणास समजला आहे.