स्वस्त औषध, महाग तुटवडा

अ‍ॅट्रोपिनची ०.६ मिलिग्रॅमची कुपी काही रुपयांत मिळते. ऑर्गेनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक पोटात किंवा अंगात गेलेला रुग्ण आला, की याच कुप्या एकामागून एक फोडाव्या लागतात. प्रचलित पद्धतीत सुरुवात साधारण तीन कुप्यांनी होते. छातीतली घरघर थांबली नाही आणि नाडी सुधारली नाही, तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट केली जाते. म्हणजे तीन, सहा, बारा, चोवीस असे करत पहिल्या पाव तासातच एका रुग्णाला ४५ कुप्या लागू शकतात. त्या वेळी भांडारात तेवढ्या कुप्या नसतील, तर शेजारच्या कपाटात लाखो रुपयांची प्रतिजैविके असून काही उपयोग नसतो.

एवढे स्वस्त औषध संपतेच कसे, याचे उत्तर बऱ्याचदा भांडाराच्या हिशेबात सापडते. रुग्णालयाच्या औषध भांडारात चारशे-पाचशे प्रकारची औषधे असतात आणि माणसे मोजकीच. सगळ्यांवर सारखे लक्ष ठेवणे जमत नाही, त्यामुळे कशावर आधी नजर ठेवायची हे ठरवावे लागते. कारखान्यांनी हा प्रश्न पैशाच्या अंगाने सोडवला होता. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या फोर्ड डिकी यांनी १९५१ साली साठ्याच्या ‘एबीसी’ वर्गवारीची मांडणी केली. ज्या थोड्या वस्तूंवर बहुतेक पैसा खर्च होतो त्या ए गटात, मधल्या बी गटात आणि उरलेल्या असंख्य किरकोळ वस्तू सी गटात.

रुग्णालयात ही यादी करायला वर्षभराची देणी-घेणी असलेली वही किंवा संगणकातली नोंद पुरते. प्रत्येक औषधाची वर्षभरात वापरलेली संख्या आणि एका नगाची किंमत यांचा गुणाकार करायचा, मग मोठ्या रकमेपासून लहान रकमेकडे यादी लावून बेरीज करत जायचे. एकूण खर्चाच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत ए, ९० टक्क्यांपर्यंत बी आणि पुढचे सगळे सी. समजा, एखाद्या रुग्णालयाचा वर्षाचा औषधखर्च ६० लाख आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या २० रुपयांच्या ३०,००० व्हायल वापरल्या, तर झाले ६ लाख, म्हणजे एकट्या औषधावर दहा टक्के खर्च. ते ए गटात जाणार. अ‍ॅट्रोपिनच्या चार रुपयांच्या ३,००० कुप्यांचे होतात १२ हजार, म्हणजे खर्चाच्या ०.२ टक्के. त्याची जागा सी गटात, पार तळाशी. फक्त याच यादीकडे पाहणारा स्टोअरकीपर अ‍ॅट्रोपिनची चौकशी सहा महिन्यांतून एकदा करील आणि हिशेबाने त्याचे काही चुकलेले नसेल.

म्हणून दुसरी वर्गवारी लागते, ‘व्हीईडी’. व्ही म्हणजे व्हायटल: जे नसेल तर रुग्ण दगावू शकतो, असे जीवरक्षक औषध. ई म्हणजे इसेन्शियल: नसले तर उपचारात अडचण येईल, पण थोडा काळ पर्यायावर भागेल. डी म्हणजे डिझायरेबल: असलेले बरे, नसले तरी रुग्णाला अपाय नाही. इथे रुपयांचा संबंध नसतो. हा निर्णय डॉक्टर आणि फार्मासिस्ट एकत्र बसून घेतात, आणि तो रुग्णालयागणिक बदलतो. कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरची लस निर्विवादपणे व्ही ठरेल. शहरातल्या नेत्र रुग्णालयाला ती ठेवण्याचे कारण नाही. अडचण अशी, की प्रत्येक विभागाला आपले औषध व्हीच वाटते. निम्मी यादी व्ही झाली, की वर्गवारीचा अर्थ संपतो. म्हणून समितीत एकच प्रश्न विचारायचा असतो: हे औषध आज रात्री नसेल आणि पर्यायही नसेल, तर उद्या सकाळपर्यंत काय होईल?

या दोन याद्या एकत्र केल्यावर काय दिसते, याचे चांगले उदाहरण चंडीगढच्या पीजीआय संस्थेतले आहे. तिथल्या भांडाराच्या २००७-०८ मधल्या खर्चाचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. औषधे होती ४२१ आणि खर्च सुमारे ४ कोटी रुपये. त्यांपैकी फक्त ५८ औषधे ए गटात होती, पण जवळपास ७० टक्के खर्च त्यांच्यावरच झाला होता. जीवरक्षक औषधे निघाली ५१. अभ्यासकांनी ए गटातली सगळी आणि व्ही गटातली सगळी औषधे मिळून पहिला वर्ग केला. त्यात ९३ औषधे आली.

इथे एक वजाबाकी करून पाहावी. ९३ मधून ए गटातली ५८ काढली, की उरतात ३५. म्हणजे ५१ पैकी ३५ जीवरक्षक औषधे पैशाच्या यादीत वरच्या गटात नव्हतीच. पहिल्या वर्गाचा खर्च ७४.२१ टक्के आणि त्यातल्या ए गटाचा ६९.९७ टक्के, फरक ४.२४ टक्क्यांचा, सुमारे १७ लाख रुपयांचा. चार कोटींच्या खर्चात एवढ्या रकमेवर नजर ठेवली, की ही ३५ औषधेही पहाऱ्याखाली येतात.

पहिल्या वर्गात असली, तरी या ९३ औषधांची वागणूक एकसारखी नसते. महागड्या ए गटातल्या औषधांची खरेदी थोडी-थोडी आणि वरचेवर करायची, म्हणजे पैसा अडकत नाही. स्वस्त पण जीवरक्षक औषधांचे उलटे. त्यांचा राखीव साठा सढळ हाताने ठेवायचा, कारण जास्तीच्या हजार कुप्यांचाही खर्च नगण्य असतो. फक्त जुनी कुपी आधी वापरली जाईल आणि मुदत संपत आलेला साठा वेळीच दुसऱ्या रुग्णालयाला देता येईल, एवढे पाहावे लागते. ए गटातली डी औषधे मात्र समितीसमोर न्यायची आणि इतका खर्च कशासाठी, ते विचारायचे.

पद्धत फसते ती बहुधा आकड्यांमुळे. एखादे औषध चार महिने मिळालेच नाही, तर त्या काळात वापर शून्य दिसतो आणि पुढच्या वर्षाची मागणी त्या शून्यावर बेतली जाते. तुटवड्यातून तुटवडा जन्मतो. म्हणून साठा नसलेले दिवस वेगळे नोंदवून सरासरी उरलेल्या दिवसांवर काढावी लागते. दुसरी चूक नावांची. एकच औषध चार कंपन्यांच्या चार नावांनी नोंदवले, की त्याचा खर्च चार ठिकाणी विभागतो आणि ए गटातले औषध सी गटात दडून बसते. यादी औषधाच्या मूळ नावानेच करावी लागते.

शिवाय सरासरी हंगाम लपवते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. वरच्या काल्पनिक रुग्णालयात अ‍ॅट्रोपिनच्या वर्षाला ३,००० कुप्या, म्हणजे महिन्याला २५० लागतात. माल यायला दोन महिने लागत असतील, तर सरासरीच्या हिशेबाने ५०० कुप्या उरताच मागणीपत्र जायला हवे. पण फवारणीच्या दिवसांत एकाच रात्री दहा रुग्ण आले, तर पहिल्या पाव तासालाच ४५० कुप्या लागू शकतात. कोणते औषध महत्त्वाचे, हे दोन याद्यांचा तक्ता सांगतो. मागणी केव्हा उसळेल आणि पुरवठादार किती उशीर करील, हे तो सांगत नाही. ती माहिती स्थानिक डॉक्टरांकडून आणि मागच्या मागणीपत्रांच्या तारखांवरून घ्यावी लागते. कापूस पट्ट्यातल्या भांडाराने अ‍ॅट्रोपिनची पातळी जुलैपूर्वीच वाढवून घ्यायची आणि हंगाम संपल्यावर खाली आणायची, असा बदल यादीतच लिहून ठेवता येतो.