बारशाचा कपडा बदलताना

बारशाला आलेल्या कपड्यांत एकाच मापाचे तीन-चार फ्रॉक निघणे नवे नाही. बाळ लहान म्हणून पाहुणे ० ते ३ महिन्यांचे माप उचलतात आणि बाळ ते पाहता पाहता ओलांडते. तरीही कपडे घडीसकट कपाटात राहतात, कारण बदलून आणले तर देणाऱ्याचा अपमान होतो अशी समजूत असते. वस्तुतः माप बदलणे म्हणजे आहेर नाकारणे नव्हे. ‘तुम्ही दिलेला फ्रॉक एक माप मोठा करून आणला’ हे आत्याला सांगता येते. दुखते ते वेगळ्याच गोष्टीने: तिचा फ्रॉक तसाच दुसऱ्या कुणाच्या बारशाला पोहोचल्याचे तिला कळते तेव्हा.

दुसरा गैरसमज असा, की बिल सोबत देणे म्हणजे किंमत दाखवणे. गिफ्ट रिसीट यासाठीच असते. तिच्यावर बिल क्रमांक, तारीख, वस्तू आणि बारकोड असतो, किंमत नसते. मोठ्या कापड दुकानांपैकी काही ती मागितल्यावर देतात, पण ती बिल करतानाच मागणे सोपे. छोट्या दुकानात अशी पावती बहुधा मिळत नाही. तिथे टॅगवरची किंमत झाकून मागे बिल क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला तरी काम होते. पाकीट देताना ‘चिठ्ठी आत आहे, माप चुकले तर बदलून घ्या’ एवढे देणाऱ्यानेच म्हटले, की घेणाऱ्याचा संकोच जातो.

टॅगवरच्या किमतीएवढी वस्तू मिळेल, हा समजही काउंटरवर फसतो. छापील ८९९ रुपयांचा फ्रॉक सेलमध्ये ६२९ ला घेतला असेल, तर बारकोड स्कॅन होताच ६२९ च दिसतात. ७४९ चा मोठा फ्रॉक हवा असेल तर वरचे १२० रुपये भरावे लागतात. रोख रक्कम सहसा मिळत नाही. त्याऐवजी क्रेडिट नोट मिळते आणि तिलाही मुदत असते.

कायद्याने दुकानदाराला बदलून द्यावेच लागते, हे अर्धेच खरे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसल्यास ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. शिवण उसवलेला फ्रॉक त्यात बसतो. दुबार आलेला किंवा तोकडा बसत नाही. तिथे दुकानाचे स्वतःचे धोरण चालते. सदोष वस्तूबाबत मात्र भेट मिळालेल्यालाही दाद मागता येते, कारण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच असतो.

ऑनलाइन मागवलेली भेट गुपचूप बदलता येईल, असे गृहीत धरू नये. परतीची विनंती बहुतेकदा मागवणाऱ्याच्या खात्यातून करावी लागते, पैसेही तिथेच जमा होतात आणि संदेश त्याच्याच फोनवर जातो. अशा वेळी आधी फोन करून माप चुकल्याचे सांगणे बरे. तोवर टॅग कापू नये आणि कपडा धुऊ नये. धुतलेला कपडा सहसा कुणी परत घेत नाही.