कुशीवर झोपलं की ठणकणारा खुबा

दिवसभर चालताना-फिरताना फारसं न जाणवणारं दुखणं रात्री कुशीवर वळलं की डोकं वर काढतं. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे हाडाचा उंचवटा हाताला लागतो, नेमकं तिथेच ठणकायला लागतं. कूस बदलावी तर थोड्या वेळाने पुन्हा जाग येते. चाळिशी ते साठीच्या दरम्यानच्या बायकांमध्ये ही तक्रार विशेष आढळते.

डॉक्टर याला बरेचदा 'बर्सायटिस' म्हणतात. मांडीच्या हाडाच्या त्या उंचवट्यावर बर्सा नावाची पातळ पिशवी असते. हाडावरून स्नायू आणि त्यांचे टेंडन सरकताना घर्षण होऊ नये, हे तिचं काम. तिला सूज आली की बर्सायटिस. पण अमेरिकेत अशा 877 रुग्णांची सोनोग्राफी तपासली, तेव्हा साधारण पाचातल्या एकाच्याच बर्साला सूज दिसली. बहुतेकांच्या दुखण्याचं मूळ शेजारच्या टेंडनमध्ये असतं. चालताना कंबर एका बाजूला कलू न देणारे कुल्ल्याचे स्नायू याच टेंडनने हाडाला जोडलेले असतात. पिशवी सुजली तरी ती बहुधा या टेंडनच्या बिघाडाबरोबर सुजते, म्हणून उपचार दोन्हींचा विचार करून करावा लागतो.

मग रात्रीच का दुखतं? दुखऱ्या कुशीवर झोपलं तर अंगाचा भार थेट उंचवट्यावर पडतो, हे सहज कळतं. चांगल्या कुशीवर झोपूनही दुखतं, याचं मात्र अनेकांना कोडं पडतं. तेव्हा वरचा दुखरा पाय गुडघ्यातून पुढे, खाली पडतो. मांडीच्या बाहेरचा जाड पट्टा ताणला जातो आणि टेंडन व बर्सा हाडावर दाबले जातात. पायावर पाय टाकून बसलं किंवा ओट्याशी एका पायावर रेलून उभं राहिलं, तरी हाच दाब येतो.

नेहमी दिसणारं एक उदाहरण घेऊ. बावन्न वर्षांच्या शिक्षिका, वर्गात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या, वजन अलीकडे वाढलेलं. उंचवट्यावर बोट दाबताच कळ येते. दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभं केलं की तीच ओळखीची वेदना सुरू होते. चप्पल-मोजे घालायला मात्र त्रास नाही. ही खूण महत्त्वाची, कारण खुब्याचा सांधा झिजला असेल तर मोजे घालणं अवघड जातं आणि दुखणं बहुधा जांघेत असतं. कळ गुडघ्याखाली पावलापर्यंत जात असेल, तर कंबरेच्या मणक्याचीही तपासणी करावी लागते.

त्यांचा उपचार अंथरुणापासून सुरू होतो. चांगल्या कुशीवर झोपायचं, पण दोन्ही पायांमध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जाड उशी घ्यायची. अंथरूण पातळ असेल तर खाली घडी केलेली गोधडी टाकायची. पायावर पाय टाकणं बंद. दुखरी बाजू ताणण्यासाठी पाय दुसऱ्या पायापलीकडे ओढण्याचे व्यायामही बंद. ताणल्याने मोकळं होईल असं वाटतं, पण त्याने दाबच वाढतो.

मग स्नायूंना बळ द्यायचं. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, त्यांच्याभोवती ओढणी बांधायची आणि गुडघे हलके बाहेर ढकलून काही सेकंद धरायचे. हे जमलं की कंबर उचलण्याचा व्यायाम, पुढे पायरी चढण्याचा. फिजिओथेरपिस्ट भार हळूहळू वाढवतो. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तर भार जास्त झाला असं समजून एक पायरी मागे यायचं.

स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर आराम देतं, म्हणून अनेकांना तेच हवं असतं. ऑस्ट्रेलियातल्या 204 रुग्णांवरचा एक अभ्यास 2018 मध्ये 'बीएमजे'त छापून आला. आठ आठवड्यांनी, सवयी बदलून व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे 77 टक्क्यांना बरं वाटलं. इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण 58 टक्के होतं, आणि उपचारांविना वाट पाहणाऱ्यांत 29. वर्षानंतरही बरं वाटण्यात व्यायामवाले पुढे होते, पण वेदनेच्या तीव्रतेत त्यांच्यात आणि इंजेक्शनवाल्यांत फरक उरला नव्हता. तेव्हा इंजेक्शन निरुपयोगी नाही. वेदनेने व्यायामच जमत नसेल, तर ते वाट मोकळी करू शकतं. मधुमेहींनी मात्र त्यानंतर काही दिवस साखर तपासत राहावी, कारण ती वाढू शकते.

व्यायामाने आणि इंजेक्शनने भागलं नाही, तर काही ठिकाणी शॉकवेव्हचा उपचार करतात. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते, मुख्यतः टेंडन फाटलेला असेल तर. उंचवट्यापाशी लाली आणि ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल किंवा पडल्यावर पायावर उभंच राहता येत नसेल, तर व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टरांकडे जावं. आपल्याकडे या बर्साला क्वचित क्षयाची बाधाही होते, आणि त्यावर स्टेरॉइड टोचणं घातक ठरू शकतं.