पंपाचा कंट्रोलर अडकतो तेव्हा

शेतातल्या पाण्याच्या टाकीजवळ एक डबा बसवलाय. आत अर्डुइनो उनो, म्हणजे ATmega328P ही चिप. आयटूसीच्या दोन तारांवरून ती पाण्याची पातळी वाचते आणि रिलेमार्फत पंप चालू-बंद करते. एखाद्या रात्री पंप सुरू होताना मोटरचा झटका तारांवर उमटतो, क्लॉकचा एक ठोका चुकतो आणि सेन्सर अर्ध्या बाइटवर थांबून SDA तार शून्यावर धरून ठेवतो. लायब्ररीला टाइमआउट लावलेला नसेल, तर तार मोकळी होण्याची वाट बघत चिप तिथेच फिरत राहते. टाकी भरून वाहते, पंप चालूच.

यासाठी चिपमध्येच वॉचडॉग टायमर असतो. त्याचा ऑसिलेटर वेगळा, १२८ किलोहर्ट्झचा, त्यामुळे मुख्य प्रोग्राम कुठेही अडकला तरी त्याची मोजणी थांबत नाही. ठरलेल्या मुदतीत त्याला फीड केलं नाही, तर तो चिप रीसेट करतो. मुदत १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत निवडता येते. आपल्या लूपची एक फेरी वाईटात वाईट दीड सेकंद घेत असेल, तर ४ सेकंद ठेवावेत. हा ऑसिलेटर काटेकोर नसतो, म्हणून दोन सेकंदांवर बेतू नये.

खरी चूक होते ती फीड करण्याच्या जागेत. पुष्कळजण ते टायमर इंटरप्टमध्ये टाकतात, कारण तिथे ते वेळेवर होतं. पण मुख्य लूप सेन्सरपाशी अडकला तरी इंटरप्ट येतच राहतो, आणि मेलेल्या प्रोग्रामला जिवंत असल्याचा दाखला मिळत राहतो. सेन्सरची वाट बघणाऱ्या लूपमध्ये फीड केलं तरी तेच. फीड एकाच ठिकाणी हवं, मुख्य लूपच्या शेवटी, आणि तेही सगळी कामं पार पडल्याची खात्री करून:

```
if (readDone && pumpDone) {
  wdt_reset();
  readDone = pumpDone = false;
}
```

दोन्ही खुणा त्या-त्या कामाच्या शेवटच्या ओळीत true करायच्या. सुरुवातीलाच केल्या तर काहीच सिद्ध होत नाही.

`wdt_enable(WDTO_4S)` ही ओळ `setup()` मध्ये सेन्सरला हात लावण्याआधी हवी, नाहीतर तिथे अडकलेली चिप कोणी सोडवणार नाही. वॉचडॉगने रीसेट केल्यावर या चिपमध्ये तो सर्वांत छोट्या मुदतीवर चालूच राहतो. काही जुने बूटलोडर तो बंद करत नाहीत आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो. दिव्याची अखंड झपझप दिसली तर हेच कारण आधी तपासावं.

आणि रीसेट होतो तो फक्त चिपचा. तिचे पिन इनपुट होतात, म्हणून रिलेला पुल-डाउन रेझिस्टर असावा, म्हणजे पंप नक्की बंद पडेल (रिले शून्यावर चालू होणारा असेल तर पुल-अप). सेन्सरला मात्र यातलं काही कळत नाही. SDA त्याने अजून धरलेलीच असते. म्हणून `Wire.begin()` आधी SCL तारेवर नऊ ठोके द्यायचे. तेवढ्यात सेन्सर उरलेले बिट संपवतो आणि तार सोडतो. तरीही सोडली नाही, तर सेन्सरचा वीजपुरवठा ट्रान्झिस्टरमधून क्षणभर तोडण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते.