अहवालातला ठळक आकडा

लातूरहून पुण्यात नोकरीला आलेल्या 23 वर्षांच्या अभियंत्याच्या मोबाइलवर कंपनीच्या तपासणीचा अहवाल आला. एकूण बिलिरुबिन 1.6, ठळक अक्षरांत. वरची मर्यादा 1.2. हा आकडा काविळीत वाढतो एवढंच ठाऊक असल्यानं तो रात्री उशिरापर्यंत आरशात डोळे न्याहाळत राहिला.

डॉक्टरांनी मात्र आधी शेजारच्या ओळी वाचल्या. डायरेक्ट बिलिरुबिन 0.3, एसजीपीटी आणि हिमोग्लोबिन मर्यादेत. यकृताला सूज असल्याची किंवा तांबड्या पेशी जास्त फुटत असल्याची खूण दिसत नव्हती. मग त्यांनी विचारलं, ‘‘आदल्या दिवशी शेवटचं कधी जेवलास?’’

दुपारी. काम लांबलं, रात्रीचा डबा तसाच राहिला आणि सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं.

गिल्बर्ट सिंड्रोम असलेल्यांच्या यकृतात बिलिरुबिनचा निचरा करणारं विकर जन्मतःच मंद काम करतं. लांबलेल्या उपवासानं त्यांचा आकडा आणखी चढतो. त्याला औषध लागत नाही. पण निदान एका अहवालावर पक्कं होत नाही. म्हणून डॉक्टरांनी रात्री नीट जेवून, काही दिवसांनी पुन्हा तपासणी करायला सांगितलं. मधल्या काळात लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर मात्र थांबायचं नाही, लगेच यायचं.