भागाकार शेवटी: छिद्रातून दिसणाऱ्या जगाचा मॅट्रिक्स

हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या जागेच्या भिंतीवर मुख्य गोपुराचे उलटे चित्र पडते. समोरच्या भिंतीतल्या लहानशा छिद्रातून प्रकाश आत येतो, एवढीच त्यामागची यंत्रणा. गोपुराच्या प्रत्येक बिंदूकडून निघालेल्या असंख्य किरणांपैकी छिद्राच्या रेषेत असलेलाच किरण आत शिरतो. वरून आलेला किरण भिंतीवर खाली पोचतो, खालून आलेला वर. छिद्र कॅमेरा, म्हणजे पिनहोल कॅमेरा, याहून वेगळे काही करत नाही. तरीही इमारतींची त्रिमितीय प्रतिकृती छायाचित्रांवरून तयार करणारे, खेळाच्या मैदानावर चेंडूचा मार्ग शोधणारे किंवा गाडीच्या कॅमेऱ्यावरून समोरच्या वाहनाचे अंतर काढणारे सॉफ्टवेअर याच साध्या कॅमेऱ्याला पाया धरते. त्या पायाचे गणित तीन ओळी आणि चार स्तंभांच्या एका मॅट्रिक्समध्ये, म्हणजे बारा आकड्यांत मावते. ते मावते कसे, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात दहावीच्या समरूप त्रिकोणांपासून करू. छिद्रापासून पुढे Z अंतरावर एक बिंदू आहे आणि तो मध्यरेषेपासून उजवीकडे X इतका सरकलेला आहे. चित्र ज्या पडद्यावर पडते तो छिद्रापासून f अंतरावर आहे. मग पडद्यावर तो बिंदू मध्यापासून f × X ÷ Z इतका दूर पडेल. उभ्या दिशेलाही हाच नियम. पडदा छिद्राच्या मागे असल्यामुळे चित्र उलटे पडते. म्हणून गणित करताना तो तेवढ्याच अंतरावर छिद्राच्या पुढे आहे असे मानतात. मापे तीच राहतात आणि चित्र सुलटे होते.

या सूत्रात अडचणीची गोष्ट एकच, आणि ती म्हणजे Z ने भागणे. मॅट्रिक्सला फक्त दोन क्रिया येतात. दिलेल्या आकड्यांना ठरलेल्या आकड्यांनी गुणायचे आणि गुणाकारांची बेरीज करायची. आलेल्या आकड्यांपैकी एकाने दुसऱ्याला भागणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. शिवाय X, Y, Z या तीनच आकड्यांवर काम करणारा मॅट्रिक्स वस्तू फिरवू शकतो, पण उचलून बाजूला ठेवू शकत नाही. शून्य, शून्य, शून्य या बिंदूला कशानेही गुणले तरी तो शून्यातच राहतो. कॅमेरा मात्र कुठेही ठेवलेला असू शकतो, म्हणून सरकवणे तर लागणारच.

दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे. बिंदूला एक आकडा जास्तीचा द्यायचा. जर्मन गणिती मोबियस यांनी १८२७ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी छायाचित्रातल्या घनाकृती संगणकाला ओळखता याव्यात म्हणून तिचा उपयोग केला. X, Y, Z ऐवजी X, Y, Z, १ असे लिहायचे आणि एक नियम पाळायचा: चारही आकड्यांना शून्य सोडून कुठल्याही एकाच संख्येने गुणले, तरी बिंदू तोच. म्हणजे (२, ०, १०, १) आणि (४, ०, २०, २) हे एकच ठिकाण. खरे ठिकाण हवे असेल तेव्हा शेवटच्या आकड्याने बाकीच्यांना भागायचे. चित्रातल्या बिंदूलाही तसेच दोनऐवजी तीन आकडे मिळतात. यांना होमोजीनियस निर्देशक म्हणतात.

यातली खुबी अशी की भागाकार टळत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. मॅट्रिक्स Z ला उचलून उत्तराच्या तिसऱ्या आकड्यात ठेवतो. आपण सगळे गुणाकार आणि बेरजा उरकतो आणि अगदी शेवटी एकदाच भागतो. जास्तीच्या त्या १ मुळे सरकवण्याचीही सोय होते, कारण चौथ्या स्तंभात जे लिहू ते १ ने गुणले जाऊन जसेच्या तसे मिळवले जाते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. समजा, कॅमेरा रस्त्यापासून १.५ मीटर उंचीवर आहे आणि अगदी समोर पाहतो आहे, वर-खाली किंवा तिरका नाही. त्याचे नाभीय अंतर ४ मिलिमीटर आहे आणि सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल ०.००४ मिलिमीटरचा. म्हणजे पिक्सेलमध्ये मोजलेले f झाले १०००. चित्र १२८० पिक्सेल रुंद आणि ७२० पिक्सेल उंच असून मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यातून होते. म्हणून मध्यबिंदू ६४० आणि ३६० वर. जगाची मोजणी कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, रस्त्यावर सुरू करू: X उजवीकडे, Y खाली, Z पुढे. Y खालच्या दिशेने धरल्यामुळे उंची ऋण येईल. हे सुरुवातीला विचित्र वाटते, पण चित्रातल्या ओळीही वरून खालीच मोजल्या जातात, त्यामुळे पुढे सोय होते.

या कॅमेऱ्याचा मॅट्रिक्स असा:

```
१०००     ०   ६४०      ०
   ०  १०००   ३६०   १५००
   ०     ०     १      ०
```

तिसरी ओळ फक्त Z उचलते. पहिल्या दोन ओळींतले १००० हे f आहे. ६४० आणि ३६० हे Z ने गुणले जातात, आणि शेवटी Z ने भागल्यावर चित्राचा मध्य म्हणून उरतात. १५०० हा आकडा १.५ मीटर उंची गुणिले १००० असा आला.

रस्त्याकडेला उजव्या बाजूला २ मीटरवर, पुढे १० मीटरवर, ३ मीटर उंचीचा एक खांब आहे. त्याचा पाया म्हणजे (२, ०, १०, १). गुणून पाहू:

```
पहिली ओळ:   १०००×२ + ६४०×१०            = ८४००
दुसरी ओळ:   १०००×० + ३६०×१० + १५००×१   = ५१००
तिसरी ओळ:   १०                          = १०
```

८४०० ला १० ने भागले की ८४०, ५१०० ला भागले की ५१०. म्हणजे पाया चित्रात डावीकडून ८४० व्या स्तंभावर आणि वरून ५१० व्या ओळीवर दिसेल. खांबाच्या टोकासाठी Y च्या जागी −३ घातले की दुसरी ओळ २१०० देते, म्हणजे टोक २१० व्या ओळीवर. खांब चित्रात ३०० पिक्सेल उंच दिसतो.

तसाच दुसरा खांब २० मीटरवर असेल, तर त्याचा पाया (७४०, ४३५) वर आणि टोक (७४०, २८५) वर येते. उंची १५० पिक्सेल. अंतर दुप्पट, उंची निम्मी. शिवाय खांब मध्याच्या जवळही सरकला. लांबचा खांब लहान करायला आपण मॅट्रिक्सला कुठेही सांगितले नव्हते. ते काम शेवटच्या भागाकाराने आपसूक केले.

खांबांची रांग अशीच पुढे गेली तर ती चित्रात कुठे टेकेल? इथे चौथ्या आकड्याचा खरा मोल कळतो. त्या जागी १ ऐवजी ० ठेवला, तर तो कुठलेही ठिकाण न दाखवता फक्त दिशा दाखवतो, अनंतावरचा बिंदू. सरळ पुढची दिशा म्हणजे (०, ०, १, ०). मॅट्रिक्सने गुणले की त्याचा तिसरा स्तंभ तसाच बाहेर येतो: ६४०, ३६०, १. म्हणजे पुढे जाणाऱ्या सगळ्या समांतर रेषा (६४०, ३६०) या बिंदूत मिळताना दिसतील. चित्रकार याला लोपबिंदू म्हणतात. मला या साऱ्या गणितातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: रूळ जिथे मिळाल्यासारखे दिसतात ती जागा शोधायला वेगळे गणित लागत नाही, ती मॅट्रिक्समध्ये लिहिलेलीच असते. कॅमेरा कसाही वळवला तरी पहिले तीन स्तंभ तीन मुख्य दिशांचेच असतात.

मॅट्रिक्सला एक गोष्ट मात्र कळत नाही: पुढे काय आणि मागे काय. कॅमेऱ्यामागचा (−२, −३, −१०, १) हा बिंदू घ्या. तो पहिल्या खांबाच्या पायापासून छिद्रातून मागे काढलेल्या सरळ रेषेवर आहे. गुणाकार देतो −८४००, −५१००, −१०, आणि भागल्यावर पुन्हा ८४०, ५१०. पाठीमागची वस्तू खांबाच्या पायावर येऊन बसली. नवशिक्यांच्या प्रोग्रॅममध्ये चित्रावर अशी भुते उमटतात. भागाकारानंतर ती ओळखता येत नाहीत, कारण उणे गेले उण्यात. म्हणून भागण्याआधीच तिसऱ्या आकड्याचे चिन्ह तपासायचे आणि तो ऋण किंवा शून्य असेल तर बिंदू सोडून द्यायचा.

उलट दिशेने जाता येईल का, चित्रातल्या बिंदूवरून जगातले ठिकाण मिळेल का? एका चित्रावरून सर्वसाधारणपणे नाही. चार आकड्यांचे तीन झाले की खोली हरवते आणि संपूर्ण किरणाचा एकच बिंदू उरतो. पण बिंदू सपाट रस्त्यावर आहे हे ठाऊक असेल, तर Y शून्य होतो, दुसऱ्या स्तंभाची गरज उरत नाही आणि तीन बाय तीनचा उलटवता येणारा मॅट्रिक्स हाती येतो. आपल्या कॅमेऱ्यासाठी त्यातून निघते:

```
Z = १५०० ÷ (ओळ − ३६०)
```

५१० व्या ओळीसाठी १० मीटर, ४३५ व्या ओळीसाठी २० मीटर. एका कॅमेऱ्यावरून रस्त्यावरचे अंतर काढण्याची मूळ युक्ती हीच आहे आणि तिची मर्यादाही याच सूत्रात दिसते. १० मीटरवर एका पिक्सेलची चूक झाली तर अंतर सुमारे ७ सेंटिमीटरने चुकते. ५० मीटरवरचा बिंदू ३९० व्या ओळीवर येतो. तिथे तीच एका पिक्सेलची चूक सुमारे पावणेदोन मीटरची होते.

त्याहून घातक चूक कॅमेऱ्याच्या कलण्याची. कॅमेरा फक्त एक अंशाने खाली झुकला, तर चित्रातल्या वस्तू सुमारे साडेसतरा पिक्सेल वर सरकतात. २० मीटरवरचा पाया ४३५ ऐवजी ४१७.५ व्या ओळीच्या आसपास दिसतो, आणि सूत्र अंतर सांगते सुमारे २६ मीटर. ही चूक पकडण्याचा मार्ग चित्रातच आहे. सपाट, सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा वाढवून पाहायच्या. त्या ३६० व्या ओळीवर न मिळता ३४२.५ च्या आसपास मिळाल्या, तर कॅमेरा झुकलेला आहे आणि मॅट्रिक्समध्ये तेवढे फिरवणे घालावे लागेल. मात्र त्या कडा मुळात सरळच दिसत नसतील, बाहेरच्या बाजूला वाकलेल्या दिसत असतील, तर दोष भिंगाचा. हा मॅट्रिक्स सरळ रेषेला कधीच वाकवत नाही, त्यामुळे भिंगाने आणलेला बाक आधी वेगळ्या सूत्राने काढावा लागतो. मगच हे बारा आकडे त्या चित्राला लागू होतात.